सोसायटीची यादी, बँकेची यादी आणि न रंगलेल्या तीन नोंदी

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील एका विकास सोसायटीत सचिव आहे. केळी पीकविम्यासाठी पाठवलेल्या आमच्या यादीत ४१२ नोंदी आहेत आणि बँकेकडून हप्ता कापल्याची जी यादी आली तिच्यात ४०५. खाते क्रमांक १६ अंकी असून दोन्हीकडे टेक्स्ट म्हणून साठवलेले आहेत, गट क्रमांकही दोन्हीकडे आहे. आमच्या यादीवर `=COUNTIF(Bank!$A$2:$A$406,$A2)=0` असा नियम लावला तर चारच खाती लाल झाली. बँकेच्या यादीत आमच्याबाहेरचे कोणी नाही, हे डोळ्यांनी तपासले आहे. मग सात का रंगली नाहीत? फॉर्म्युल्यात काय चुकले?

उत्तर :

फॉर्म्युल्याची मांडणी चुकलेली नाही. डॉलरची चिन्हे योग्य जागी आहेत, शून्याशी केलेली तुलनाही योग्य आहे. चूक आहे ती COUNTIF नेमके काय मोजतो याविषयीच्या आपल्या समजुतीत. माझ्या अंदाजाने आपल्या तीन बेपत्ता नोंदींपैकी दोन एका कारणाने आणि एक अगदी वेगळ्या कारणाने लपलेली आहे. हा अंदाज खरा की खोटा, हे आपल्याला दहा मिनिटांत पाहता येईल.

पहिले कारण असे. COUNTIF ला शोधण्यासाठी दिलेली गोष्ट संख्येसारखी दिसत असेल, तर ती टेक्स्ट म्हणून साठवलेली असली तरी तो तिला संख्या मानतो, आणि ज्या रांगेत शोधायचे तिथल्या अंकी टेक्स्टलाही तीच वागणूक देतो. छोट्या क्रमांकांच्या बाबतीत हा त्याचा गुणच आहे, कारण एका यादीत 1045 टेक्स्ट म्हणून आणि दुसऱ्या यादीत संख्या म्हणून असला तरी तो दोन्ही जुळवून देतो; MATCH ते करत नाही. परंतु एक्सेल कोणतीही संख्या १५ अंकांपर्यंतच अचूक धरतो आणि सोळाव्या अंकाच्या जागी शून्य ठेवतो. त्यामुळे पहिले १५ अंक सारखे असलेली कोणतीही दोन खाती COUNTIF च्या लेखी एकच असतात.

आता एकाच दिवशी शाखेत जाऊन पीककर्जाची खाती उघडणारे दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. थोरल्याचे खाते 4021050000012341 आणि धाकट्याचे 4021050000012346. (हे आकडे मी उदाहरणासाठी बनवले आहेत.) थोरल्याचा हप्ता कापला गेला, धाकट्याचा राहिला. आपला नियम धाकट्याच्या ओळीवर येतो, त्याचा क्रमांक 4021050000012340 असा वाचतो, बँकेच्या यादीत थोरल्याचा क्रमांकही 4021050000012340 असाच वाचतो आणि ‘एक सापडले’ असे उत्तर देतो. एक म्हणजे शून्य नव्हे, म्हणून ओळ रंगत नाही. जी चार खाती रंगली, त्यांच्या आगेमागे त्याच १५ अंकांचे दुसरे कोणी बँकेच्या यादीत नव्हते, एवढाच त्यांचा वेगळेपणा.

याची खातरजमा आपल्याच यादीत करता येते, बँकेची यादी उघडण्याचीही गरज नाही. रिकाम्या G स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून खाली, हे लिहावे:

```
=COUNTIF($A$2:$A$413,$A2)
```

आणि शेजारच्या H स्तंभात हे:

```
=COUNTIF($A$2:$A$413,$A2&"*")
```

दुसऱ्या फॉर्म्युल्यात क्रमांकाला मागून तारा जोडला आहे. तारा जोडलेला मजकूर संख्या होऊच शकत नाही, त्यामुळे COUNTIF त्याला निमूटपणे टेक्स्ट मानतो आणि सोळाच्या सोळा अंक तपासतो. ज्या ओळींत G मध्ये २ किंवा ३ आणि H मध्ये १ दिसेल, त्या ओळी पंधरा अंकांच्या फेऱ्यात सापडलेल्या आहेत. जिथे खाती ओळीने उघडली गेली तिथे अशा ओळी बऱ्याच निघतात, कारण एकापाठोपाठच्या दहा क्रमांकांचे पहिले १५ अंक सारखे असू शकतात.

एखाद्या ओळीत मात्र G आणि H दोन्हींत २ दिसेल. ते आपले दुसरे कारण. तिथे खाते खरोखरच दोनदा आले आहे, आणि केळी उत्पादकांच्या यादीत ते चुकीने आले असेलच असे नाही. एकाच शेतकऱ्याची केळी गट 84 मध्ये आणि गट 131 मध्ये असेल, तर खाते एक आणि नोंदी दोन, हे रीतसरच आहे. बँकेने त्यातल्या एकाच गटाचा हप्ता कापला असेल, तर खाते क्रमांक तिथे एकदा आहे, आपल्याकडे दोनदा आहे आणि COUNTIF चे उत्तर दोन्ही ओळींवर १ येते. ‘शून्य आहे का’ हा प्रश्न फक्त असण्या-नसण्याचा आहे. किती वेळा आहे हे तो विचारतच नाही. अशा शेतकऱ्याचा दुसरा गट विम्याबाहेर राहतो आणि यादीवर कुठेही लाल ठिपका दिसत नाही.

केवळ संख्येचा हा फरक पकडायचा असेल तर ‘इथपर्यंत आपल्याकडे किती वेळा आले’ याची तुलना ‘त्यांच्याकडे एकूण किती वेळा आहे’ याच्याशी करता येते:

```
=AND($A2<>"",COUNTIF($A$2:$A2,$A2&"*")>COUNTIF(Bank!$A$2:$A$406,$A2&"*"))
```

येथे पहिल्या रांगेचे वरचे टोक डॉलरने बांधलेले आहे आणि खालचे टोक ओळीबरोबर सरकते, म्हणून शेतकऱ्याच्या पहिल्या नोंदीवर मोजणी १ आणि दुसरीवर २ होते. बँकेकडे एकच असेल तर दुसरी नोंद रंगते. मुळीच नसेल तर पहिलीही रंगते. हा नियम लावल्यावर आपल्या सातही ओळी रंगायला हव्यात. तरीही मी तो कायमचा ठेवणार नाही. तो नेहमी खालचीच नोंद रंगवतो आणि बँकेने नेमका कोणता गट सोडला याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. गट 84 चा हप्ता राहिलेला असताना 131 लाल दिसला, तर आपण चुकीच्या गटासाठी पत्र लिहाल. शिवाय मागून तारा जोडण्याची युक्ती सगळे क्रमांक सारख्याच लांबीचे असतील तेव्हाच सुरक्षित असते; यादीत एखादे १४ अंकी खाते आले, की त्याच अंकांनी सुरू होणारे १६ अंकी खातेही त्याला जुळते.

म्हणून दोन्ही याद्यांत एक जोडखुणेचा स्तंभ घालावा, हा माझा स्पष्ट आग्रह आहे. A मध्ये खाते, B मध्ये नाव, C मध्ये गट आणि D मध्ये हप्ता अशी मांडणी आहे असे धरतो. मग दोन्ही शीटवर E2 मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढावे:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160),""))&"|"&TRIM(C2)
```

त्यातून 4021050000012346|84 अशी खूण तयार होते. मधल्या उभ्या दांडीमुळे ही खूण कधीच संख्या होत नाही, म्हणून पंधरा अंकांचा प्रश्न आपोआप मिटतो. गट सोबत असल्यामुळे दोन गटांच्या दोन खुणा वेगळ्या होतात, आणि तारा लागत नसल्यामुळे लांबीची अडचणही उरत नाही. TRIM आणि SUBSTITUTE कशासाठी, ते पुढे येईल.

आता जुना नियम काढून टाकावा. A2 पासून E413 पर्यंतचा भाग वरून खाली निवडावा, म्हणजे चालू सेल A2 राहील. Home मधील Conditional Formatting, तिथे New Rule, आणि शेवटचा पर्याय Use a formula to determine which cells to format घेऊन हा नियम लिहावा:

```
=AND($A2<>"",COUNTIF(Bank!$E$2:$E$2000,$E2)=0)
```

यातील `$E2` मध्ये स्तंभ बांधलेला आणि ओळ मोकळी आहे. त्यामुळे A पासून E पर्यंतचा प्रत्येक सेल आपापल्या ओळीतील E कडे पाहतो आणि पूर्ण ओळ रंगते. नियमाच्या चौकटीत असताना माउसने सेल निवडला तर एक्सेल स्वतःहून `$E$2` असे दोन्ही बाजूंनी बांधून टाकतो, आणि मग सगळी यादी दुसऱ्या ओळीच्याच निकालावर चालते : सगळी लाल किंवा सगळी कोरी. तसे झाल्यास F4 दाबून ओळीसमोरचा डॉलर काढावा. त्याच चौकटीत बाणाची कळ दाबली की कर्सर सरकण्याऐवजी फॉर्म्युल्यात भलताच सेल घुसतो. आधी F2 दाबले तर तो त्रास होत नाही.

निवडलेल्या भागाची पहिली ओळ आणि फॉर्म्युल्यातील ओळ एकच असणे फार महत्त्वाचे आहे. शीर्षकाची ओळ धरून A1 पासून निवड केली आणि फॉर्म्युल्यात मात्र `$E2` लिहिले, तर प्रत्येक ओळ आपल्या खालच्या शेतकऱ्याचा निकाल दाखवते. ही चूक ओळखणे अवघड आहे, कारण रंगलेल्या ओळींची संख्या बरोबर येते आणि फक्त माणसे बदलतात. मी स्वतः एकदा अशी यादी एका सोसायटीला छापून दिली होती. ज्यांचे नाव लाल होते ते आप्पा पासबुक घेऊन दारात आले आणि त्यांचा हप्ता कापलेला स्पष्ट दिसत होता. राहिलेला माणूस त्यांच्या खालच्या ओळीत बसला होता. तेव्हापासून मी नियम लावण्यापूर्वी तोच फॉर्म्युला F स्तंभात साधा लिहून पाहतो. तिथे TRUE आणि FALSE उघड दिसतात, आणि F मधील TRUE च्या ओळी व रंगलेल्या ओळी त्याच निघाल्या तरच पुढे जातो.

रांगेचे टोक मी 406 ऐवजी 2000 ठेवले आहे, त्यालाही कारण आहे. बँक उशिरा कापलेल्या हप्त्यांची नावे खाली जोडून पाठवते, ती 407 पासून पुढे चिकटवली जातात, आणि बांधून टाकलेल्या रांगेला ती दिसत नाहीत; मग आलेले नाव न आल्यासारखे लाल राहते. रिकामे सेल रांगेत असल्याने काही बिघडत नाही. नव्या ओळींसाठी E मधील फॉर्म्युला मात्र खाली ओढायला विसरू नये. उलट बाजूने, आपल्या यादीतील रिकाम्या ओळी `$A2<>""` या अटीमुळे कोऱ्या राहतात. ती अट नसेल तर रिकाम्या ओळीची खूण नुसती उभी दांडी होते, ती बँकेच्या यादीत सापडत नाही आणि यादीखालचा मोकळा भागही लाल होतो.

आता TRIM आणि SUBSTITUTE कडे येतो. संकेतस्थळावरील तक्त्यातून यादी चिकटवली असेल, तर क्रमांकाच्या मागे साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी मोकळी जागा येते. तिचा संकेतांक १६० असून TRIM तिला हात लावत नाही, म्हणून आधी SUBSTITUTE ने ती काढावी लागते. एखादा क्रमांक दोन्हीकडे डोळ्यांना दिसतो आणि तरीही ओळ लाल आहे, असे झाले की दोन्ही शीटवरील मूळ सेलवर `=LEN(A2)` लावून पाहावे. एकीकडे १६ आणि दुसरीकडे १७ आले तर फरक तिथेच आहे.

गट क्रमांकाच्या बाबतीत एक सूचना द्यावी लागेल. कोऱ्या सेलमध्ये 12/1 टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करतो आणि जोडखुणेत गटाच्या जागी पाच अंकी आकडा येतो. C स्तंभ आधीच Text करून ठेवावा. ‘84/अ’ आणि ‘84अ’ हे एकच आहे, हे कोणताही फॉर्म्युला ठरवू शकत नाही. ते सातबारा पाहून हाताने एकसारखे करावे लागते.

नावांवरून जुळवण्याचा मोह आपण टाळला, हे बरे झाले. आपल्याकडे एकाच गावात तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि पाटील किंवा चौधरी हे आडनाव असलेली दोन-तीन माणसे सहज निघतात, आणि तिथे COUNTIF पुन्हा न रंगवण्याच्याच बाजूने चुकतो. शिवाय लेखनाचा घोळ वेगळाच. बऱ्हाटे हे आडनाव एका कळपाटावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिले जाते आणि दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण LEN एकाचे ७ आणि दुसऱ्याचे ८ देतो. ती एकमेकांना जुळतील असे धरून चालता येणार नाही. एखादी यादी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर प्रश्नच मिटला. तिथे अक्षरांच्या पोटात रोमन चिन्हे असतात, म्हणून एकही नाव जुळत नाही आणि सगळी यादी लाल होते. पण सगळी लाल झालेली यादी मला कधीच भीतिदायक वाटत नाही, कारण काहीतरी चुकले आहे हे ती ओरडून सांगते. आपल्यासारखी, चार ओळी रंगवून तीन गिळणारी यादी अधिक घातक असते. आपण ४१२ मधून ४०५ वजा करून पाहिले म्हणूनच ती पकडली गेली.

याच कारणासाठी उलट दिशेचा नियमही लावावा. Bank शीटवर A2 पासून E406 पर्यंत निवड करून:

```
=AND($A2<>"",COUNTIF(Main!$E$2:$E$2000,$E2)=0)
```

येथे Main हे आपल्या शीटचे नाव धरले आहे. ‘आमच्याबाहेरचे कोणी नाही’ हे आपण डोळ्यांनी पाहिले ते खात्यांपुरते. गट जोडल्यावर चित्र बदलू शकते. समजा बँकेने 131 ऐवजी चुकून 113 नोंदवला असेल, तर आपल्याकडे 131 लाल होईल आणि तिकडे 113 लाल होईल. अशी जोडी ही राहून गेलेली नोंद नसून दुरुस्तीची नोंद आहे, आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो. कोणतीही खूण कोणत्याही यादीत दोनदा नसेल, तर आपल्या ४१२ मधून इकडच्या लाल ओळी वजा करून जी संख्या येते, तीच ४०५ मधून तिकडच्या लाल ओळी वजा करूनही आली पाहिजे. तिकडे एकही लाल नसेल तर इकडे बरोबर सात हव्यात. तिकडे एक असेल तर इकडे आठ हव्यात. हा मेळ बसला नाही तर खुणांमध्ये कुठेतरी पुनरुक्ती आहे. ती `=COUNTIF($E$2:$E$413,$E2)` ने, म्हणजे १ पेक्षा मोठ्या उत्तराने, लगेच दिसते.

एक शक्यता अशी आहे की जिच्यावर यांपैकी कोणताही उपाय चालत नाही. बँकेची यादी सीएसव्ही फाइलमध्ये आली असेल आणि ती थेट दोनदा क्लिक करून उघडली असेल, तर क्रमांक शीटवर येतानाच संख्या होतात आणि सोळावा अंक कायमचा शून्य होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : सेलमध्ये 4.02105E+15 असे दिसते, रुंदी वाढवून स्वरूप बदलले तर सगळी खाती शून्याने संपतात. स्तंभाला नंतर Text स्वरूप देऊन तो अंक परत येत नाही. मूळ फाइल पुन्हा घ्यावी, Data मधील From Text/CSV मार्गाने आणावी, Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडावे आणि मगच शीटवर उतरवावी. आपण क्रमांक टेक्स्ट म्हणून आहेत असे लिहिले आहे, पण एकदा शेवटचे अंक वरून खाली नजरेखालून घालावेत. निरनिराळे दिसले तर काळजी नाही.

नियम लागल्यावर E स्तंभाच्या फिल्टरमधून रंगानुसार गाळणी करावी. खालच्या पट्टीत किती नोंदी सापडल्या ते दिसते. गाळलेल्या ओळी नव्या वर्कबुकमध्ये फक्त मूल्ये म्हणून चिकटवाव्यात, तत्पूर्वी तिथल्या खात्याच्या आणि गटाच्या स्तंभांना Text स्वरूप द्यावे आणि फाइल .xlsx म्हणूनच शाखेला पाठवावी. सीएसव्ही करून पाठवली तर तिकडचा कर्मचारी ती दोनदा क्लिक करून उघडेल, धाकट्या भावाचे खाते 4021050000012340 दिसेल आणि ‘असे खाते आमच्याकडे नाही’ असे उत्तर येईल.